कोळसा, तपकीर आणि जिन्यातला दिवा

तीन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाकडे मी एक कथा पाठविली होती. दहा पानांची. कथेचा नायक एक चिक्कू, तोंडाळ, घरातल्या माणसांना धारेवर धरणारा गृहस्थ. आठ दिवसांत कथा परत आली. संपादकांनी सोबत एक चिठ्ठी जोडली होती आणि तिच्यात दोनच वाक्ये होती. 'तुमचा नायक वाईट आहे हे पहिल्या पानावरच पटले. पुढची नऊ पाने मी कशासाठी वाचायची?'

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. स्वभावचित्रण म्हणजे काय, हे मुलांना फळ्यावर लिहून देतो. तेव्हा ती चिठ्ठी मला चांगलीच झोंबली, हे कबूल करायला हवे. झोंबण्याचे दुसरे एक कारण होते, ते मी त्या वेळी कुणाला सांगितले नाही. कथेतला तो गृहस्थ कल्पनेतला नव्हता. ते माझे काका होते.

कॉलेजची तीन वर्षे मी त्यांच्याकडे राहून काढली. चाळीतल्या दोन खोल्या. काका, काकू आणि मी. काका एका कारखान्याच्या हिशेब खात्यात होते आणि घरी आल्यावरही त्यांचे हिशेब खाते उघडेच असे. दुधाच्या पातेल्याला आतून कुठवर दूध आहे ते बघून ठेवायचे. साबणाची वडी संपायला एक दिवस आधी संपली तर विचारणा व्हायची. रात्री दहाला दिवा बंद. मग परीक्षा असो नाहीतर आणखी काही. माझ्यावर होणारा खर्च ते एका वहीत टिपून ठेवत आणि महिनाअखेरीस मला वाचून दाखवत. घेत मात्र काही नसत. नुसते वाचून दाखवत. पैसे मागितले असते तर बरे, असे मला वाटायचे.

त्या तीन वर्षांचा सगळा राग मी त्या कथेत ओतला होता. पातेले होते, साबण होता, वही होती. सारे अगदी खरे होते. आणि तरी कथा मेलेली होती. संपादकांचे म्हणणे बरोबर होते.

नावडता नायक मराठीत किंवा इंग्रजीत कुणी नीट जगवला आहे, असे मनाशी शोधू लागलो आणि बी.ए.ला असताना वाचलेली एक कादंबरी पुन्हा काढली. टॉमस हार्डीची 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज'. ही कादंबरी 1886 साली लंडनच्या 'द ग्राफिक' या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या वाचकाला दर आठवड्याला 'पुढे वाचावे' असे वाटायलाच हवे, अशा वाचकासाठी लिहिलेली. आणि तिचा नायक कसा, तर पहिल्याच प्रकरणात दारूच्या नशेत आपली बायको आणि तान्ही मुलगी लिलावात विकणारा!

मायकेल हेंचर्ड हा गवताच्या पेंढ्या बांधणारा एकवीस वर्षांचा मजूर. काम शोधत बायकामुलीसह एका जत्रेत येतो. तिथे एक बाई गव्हाची खीर विकत असते आणि मागणाऱ्याला त्यात गुपचूप रम घालून देत असते. चार वाडगी पोटात गेल्यावर हेंचर्ड बडबडू लागतो आणि शेवटी पाच गिनींना बायको आणि पोर एका खलाशाला देऊन टाकतो. त्याच्याहून वाईट सुरुवात कुठल्या नायकाची असेल? आणि तरीही पंचेचाळीस प्रकरणे आपण त्याच्यामागून चालत राहतो. हे कसे घडते ते समजून घ्यावे म्हणून मी या खेपेला वही घेऊन बसलो.

पहिली गोष्ट अशी दिसली की हार्डीने विक्रीच्या आधी एक गोष्ट आपल्या हाती ठेवलेली आहे. तंबूत बसून हेंचर्ड बरळतो ते बायको वाईट म्हणून नव्हे. लवकर लग्न करून मी अडकलो, मोकळा असतो तर या धंद्यात साऱ्या इंग्लंडला मागे टाकले असते, हजार पौंडांचा धनी झालो असतो, असे तो म्हणत असतो. म्हणजे दुष्कृत्य करण्यापूर्वी तो आपली इच्छा बोलून दाखवतो. आणि ती इच्छा अशी आहे की ती तुम्हांआम्हांला परकी नाही. मोठे व्हावे, चार लोकांनी मान द्यावा, हे कुणाला वाटत नाही? त्या इच्छेपायी तो जे करतो ते मात्र आपल्यापैकी कुणी करणार नाही. या दोहोंच्या मधल्या जागेत वाचक अडकतो.

नशा उतरल्यावर तो देवळात जाऊन शपथ घेतो, की आयुष्याची जितकी वर्षे झाली तितकी, म्हणजे एकवीस वर्षे, दारूला शिवणार नाही. बायकोमुलीला शोधायला निघतो, महिनोन् महिने फिरतो. पण का शोधतो आहे हे कुणाला सांगायची त्याला लाज वाटते, आणि त्या लाजेपायीच शोध अपुरा राहतो. अठरा-एकोणीस वर्षांनी आपण त्याला पुन्हा पाहतो तेव्हा तो कॅस्टरब्रिज गावचा मोठा धान्यव्यापारी आणि नगराध्यक्ष झालेला असतो.

इथे कुणी म्हणेल, की मग इच्छा पुरी झाली, कथा संपली. पण नाही. मान मिळाल्यावर कळते की त्याची खरी भूक मानाखालच्या थरात आहे. त्याला कुणीतरी सर्वस्वी आपले हवे आहे. फारफ्रे नावाचा एक तरुण स्कॉटिश माणूस अमेरिकेला जायला निघालेला असतो. त्याला हेंचर्ड जवळजवळ हात धरून ठेवून घेतो आणि पहिल्याच रात्री आपल्या जन्माचे गुपित त्याला सांगून टाकतो. पुढे तोच फारफ्रे लोकांना अधिक आवडू लागला की हाच त्याला हाकलून देतो. सारे काही एका इच्छेतून निघते. दर प्रकरणाच्या कडेला मी पेन्सिलीने लिहीत गेलो, 'याला इथे काय हवे आहे?' आणि बहुतेक ठिकाणी उत्तर एका ओळीत लिहिता आले. माझ्या स्वतःच्या कथेच्या कडेला तोच प्रश्न लिहून पाहिला. दहा पानांत एकदाही उत्तर सापडले नाही. माझे काका पातेले का बघतात, वही का लिहितात? मला त्रास द्यायला! याखेरीज माझ्यापाशी कारण नव्हते. माणूस दुसऱ्याला त्रास देण्यासाठी जगत नाही. तो काहीतरी मिळवायला जगतो आणि त्या ओघात दुसऱ्याला त्रास होतो.

इच्छा स्पष्ट असली म्हणजे काय साधते, याचा एक दाखला सांगतो. सूझन ही त्याची बायको परत येऊन पुढे वारते. तिच्याबरोबर आलेली एलिझाबेथ-जेन ही आपलीच मुलगी, असे हेंचर्ड समजतो. मी तुझा बाप आहे, असे तो तिला मोठ्या प्रेमाने सांगतो आणि लगेच सूझनचे मागे ठेवलेले पत्र त्याच्या हाती लागते. त्याची स्वतःची मुलगी बालपणीच गेली; ही त्या खलाशाची, न्यूसनची. तो मुलीशी फटकून वागू लागतो. पण धंदा बुडतो, मान जातो, मित्र वैरी होतो आणि शेवटी तीच एकटी त्याच्यापाशी उरते. अशा वेळी, बुडून मेला असे सारे समजत असलेला न्यूसन दारात उभा राहतो आणि मुलीची चौकशी करतो. हेंचर्ड सांगतो, ती मेली. न्यूसन विश्वास ठेवून निघून जातो.

जिवंत मुलगी बापाला मेली म्हणून सांगणे, याहून नीच खोटे कोणते? आणि तरी मी ते पान वाचताना मनात म्हणत होतो, आता तो न्यूसन मागे न फिरला म्हणजे बरे! पान मिटल्यावर माझी मलाच लाज वाटली. हा माणूस चांगला आहे, असे मला क्षणभरही वाटले नव्हते. त्याला काय हवे आहे आणि ते हातातून कसे निसटते आहे, हे मात्र मला पुरते ठाऊक होते. चांगला-वाईट हा प्रश्न वाचक एकदाच विचारतो. मिळेल की नाही, हा प्रश्न तो पानोपानी विचारतो.

पण नुसत्या इच्छेवर भागत नाही. नुसती इच्छा असलेला माणूस आपण कुतूहलाने पाहतो, जशी शर्यत पाहावी तशी. त्याच्यासाठी जीव तुटावा असे वाटायला आणखी काही लागते. आणि हार्डीने ते कुठे ठेवले आहे, हे पाहून मी थक्क झालो.

पंधराव्या प्रकरणात एबल व्हिटल नावाचा एक पोरगेला मजूर येतो. त्याला सकाळी जाग येत नाही. बिचारा पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून तिचे टोक खिडकीबाहेर सोडतो, की जाणाऱ्यायेणाऱ्या सोबत्याने ओढून उठवावे. तरी उशीर होतोच. हेंचर्ड ताकीद देतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उशीर होताच स्वतः त्याच्या घरी जाऊन त्याला अंथरुणातून ओढून काढतो आणि विजार घालायचीही उसंत न देता कामावर हाकलतो. पोरगा शरमेने मेल्याहून मेला होतो. फारफ्रे त्याला घरी जाऊन कपडे घालून यायला सांगतो, चारचौघांत हेंचर्डचा हुकूम मोडतो, आणि दोघांच्या मैत्रीला तिथे तडा जातो. वाचक अर्थातच फारफ्रेच्या बाजूचा.

आणि लगेच, त्याच प्रकरणात, एक वाक्य येते. मजुरांकडून फारफ्रेला कळते, की मागचा सबंध हिवाळा व्हिटलच्या म्हाताऱ्या आईला कोळसा आणि तपकीर हेंचर्डच पुरवत होता. एवढेच. त्यावर टीका नाही, टिप्पणी नाही. कथा पुढे निघून जाते.

या दोन वस्तूंवर मी बराच वेळ थांबलो. कोळसा कुणीही देईल. थंडीत गरिबाला कोळसा देणे याला धर्म म्हणतात आणि धर्म करणारे पुष्कळ असतात. पण तपकीर! म्हातारीची डबी रिकामी झाली आहे, हे ज्याला माहीत आहे तोच तपकीर पाठवील. कोळशाने दया दिसते, तपकिरीने ओळख दिसते. आमच्या आजीला तपकिरीची सवय होती, म्हणून मला हे चटकन कळले.

दुसरे असे, की ही माया आणि तो जुलूम एकाच घरात घडतात. ज्या दारातून कोळसा आत गेला त्याच दारातून पोरगा ओढून बाहेर काढला गेला. आणि दोन्हींमागे स्वभाव एकच आहे. मजुराच्या घरात न विचारता शिरणारा, त्याचे सारे आपल्या मुठीत समजणारा मालकच त्याच्या आईच्या चुलीत काय आहे हे जाणून असतो. नवखा लेखक इथे चुकतो. तो दुष्ट नायकाला एखादे मांजर पाळायला देतो, किंवा रस्त्यावरच्या पोराला गुपचूप पैसे द्यायला लावतो. ती माया त्या माणसाच्या अंगची नसते, वरून चिकटवलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे. ही मायेची कृती उचलून कथेतल्या दुसऱ्या एखाद्या भल्या माणसाच्या हातून करवून पाहावी. तशीच शोभली तर समजावे की ती तुमच्या नायकाची नव्हेच.

तिसरे, हेंचर्ड स्वतः हे कधी बोलत नाही. व्हिटलवरून भांडण पेटले असताना 'अरे, याच्या आईला मी जगवले' असे म्हणणे किती सोपे होते! तो म्हणत नाही. हे दुसऱ्याकडून कळते आणि म्हणूनच खरे वाटते. नायकाने स्वतः सांगितलेली माया म्हणजे वकिली.

यानंतर हार्डी ती गोष्ट जवळजवळ विसरल्यासारखी करतो. मध्ये एकदा व्हिटल भेटतो तेव्हा धंदा फारफ्रेकडे गेलेला असतो. मजुरी आठवड्याला एक शिलिंग कमी, पण भीती नाही, म्हणून मजूर खूश असतात. व्हिटलही खूश. म्हणजे जुन्या मालकाच्या मायेने जुलूम धुऊन निघाला, असे हार्डी मुळीच म्हणत नाही.

आणि मग शेवटच्या प्रकरणात, मुलगी आणि फारफ्रे हेंचर्डला शोधत माळरानावरच्या एका पडक्या झोपडीपाशी येतात, तेव्हा दारात कोण भेटतो? व्हिटल! सर्वस्व गमावून गाव सोडून जाणाऱ्या हेंचर्डच्या मागोमाग तो चालत आला होता; परत जा म्हणून हाकलले तरी गेला नव्हता. कारण विचारल्यावर तो सांगतो, की माझ्याशी हा मालक कठोर होता, पण माझ्या आईवर त्याने माया केली. फारशी राख न उरणारा चांगला कोळसा त्याने तिला पाठविला होता. हेंचर्ड अर्ध्या तासापूर्वीच गेलेला असतो. मागे एक कागद असतो, त्यात त्याने लिहून ठेवलेले असते की मुलीला माझे मरण कळवू नये, कुणी शोक करू नये, थडग्यावर फुले लावू नयेत, माझी आठवण ठेवू नये. व्हिटलला वाचता येत नाही, म्हणून तो कागद तसाच पुढे करतो.

पंधराव्या प्रकरणातले ते एक वाक्य इथे, तीस प्रकरणांनंतर, फळाला येते. आणि हे फळ म्हणजे बक्षीस नव्हे. हेंचर्ड वाचत नाही, सुधारत नाही, त्याला क्षमा मागायलाही मिळत नाही. जन्मभर ज्याने 'कुणीतरी माझे असावे' म्हणून धडपड केली, त्याच्याजवळ शेवटी जो बसतो तो त्याने कधी मागितलेला नव्हता. इच्छेने जे मिळाले नाही ते, जिथे काहीच मागितले नव्हते त्या मायेतून आले. इच्छा आणि माया यांचा सांधा आहे तो हा.

मायेला मोजमाप हवे, हे खुद्द हार्डीलाही जाणवले असावे. मुलीच्या लग्नाला हेंचर्ड पिंजऱ्यात एक छोटा पक्षी भेट म्हणून आणतो, तो तिथेच विसरतो आणि पक्षी उपाशी मरतो, असा एक भाग आहे. 1886 साली इंग्लंडात पुस्तक निघाले तेव्हा हार्डीने तो गाळला आणि 1895 च्या आवृत्तीत परत घातला. भाग हृद्य आहे, यात शंका नाही. पण तो आपल्याला रडायला सांगतो. तपकीर तसे काही सांगत नाही. माझा कौल तपकिरीला.

आता पुन्हा माझ्या कथेकडे. काकांना काय हवे होते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी ते लिहिले नव्हते. आजोबांच्या आजारपणात गावचे घर गहाण पडले होते. ते सोडवायचे, हा एकच ध्यास काकांना होता. दर महिन्याला ते एक मनिऑर्डर करीत, आणि ती पावती देवघराच्या फळीवर ठेवीत. दुधाचे पातेले, साबण, वही, सगळे त्या पावतीला जाऊन मिळत होते. ही एक गोष्ट पहिल्या पानावर घालताच बाकीची नऊ पाने हलू लागली.

माया मात्र सापडेना. खोटी घालायची नव्हती. काका गेले तेव्हा मी परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे कारण सांगून दोन दिवस उशिरा पोहोचलो होतो. ते कारण खरे होते आणि पुरेसे नव्हते, हे माझे मला ठाऊक आहे. कथा परत आल्यानंतरच्या मे महिन्यात काकूंकडे गेलो, आणि बोलता बोलता म्हणालो, "काकू, दहाला दिवा बंद व्हायचा, तेव्हा मी जिन्यात बसून अभ्यास करायचो, आठवतं?"

"न आठवायला काय झालं! मालक कसला मेला जिन्यात दिवा लावतोय. गेला की गेला, महिनामहिना अंधार. तू राहायला आल्यावर हेच बल्ब आणून लावायचे. मला म्हणायचे, बल्ब आपला गेला तरी चालेल, वीज मालकाची जळते आहे."

मी गप्प बसलो. तीन वर्षे मी त्या दिव्याखाली वाचले होते आणि तो एकदाही गेलेला का सापडला नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आणि पाहा, मायेतसुद्धा त्यांचा हिशेब सुटला नव्हता! घरातला दिवा बंद करणारा हात आणि जिन्यातला बल्ब फिरवून बसवणारा हात एकच होता. ही कृती दुसऱ्या कुणा भल्या माणसाला मी देऊच शकलो नसतो.

पहिल्यांदा मोह झाला की हा दिवा कथेच्या शेवटी ठेवावा. पुतण्याला ते कळते, त्याचे डोळे भरून येतात, इत्यादी. तसे लिहूनही पाहिले. वाईट झाले. सबंध कथाभर लपवून शेवटी काढलेला दिवा म्हणजे जादूगाराच्या टोपीतला ससा; टाळी मिळते, पण माणूस हाती लागत नाही. मग तिसऱ्या पानावर, वहीवरून झालेल्या भांडणानंतर लगेच, अर्धे वाक्य घातले, की पुतण्या रागाने बाहेर आला तेव्हा जिन्यात नवा बल्ब लागलेला होता. कुणी लावला, ते काकू सहज बोलून जाते आणि पुतण्याचे लक्ष नसते. वाचकाला कळावे, पुतण्याला नाही. शेवटी काकांची माफीही नाही आणि पुतण्याची तर नाहीच. घर सुटते की नाही, यावर कथा संपते.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दिव्यामुळे वही खोटी ठरत नाही. त्या तीन वर्षांत मी जे सोसले ते सोसलेच. हेंचर्डने विकलेल्या सूझनला कोळशाने काही भरपाई मिळाली नाही आणि हार्डीने तशी मिळू दिली नाही. माया दाखवली म्हणजे न्यायनिवाडा झाला, असे ज्याला वाटेल त्याची कथा बिघडेल. आपले काम निवाडा करण्याचे नाही, माणूस पुरता दाखवण्याचे आहे.

नवी कथा मी आधी कुठेही न पाठवता काकूंना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून सबंध वाचली. मध्ये दोनदा थांबल्या. का ते मी विचारले नाही. संपल्यावर कागद नीट घडी करून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "बाकी ठीक आहे. पण जिन्यात साठचा बल्ब लिहिलायस तो बदल. साठचा ते कधी आणतील? चाळीसचा असायचा."

मी तिथेच पेन काढून चाळीस केले.